पेंढ्यातून काढलेला कुत्रा

जव्हारला माझं फोटोचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे बॅनर आणि मयताचे फोटो. यातलं शेवटचं काम मी सगळ्यात जास्त केलंय आणि त्यात माझा हात धरणारं आसपास कुणी नाही. हे मी लाजतबिजत सांगणार नाही, आहे ते आहे. घरातलं माणूस गेलं की लोकांच्या लक्षात येतं, अरे, याचा एकट्याचा फोटोच नाही. मग मोबाईल घेऊन येतात. त्यात म्हातारा लग्नाच्या मांडवात तिसऱ्या रांगेत उभा असतो, नाहीतर जीपच्या टपावर बसलेला असतो, मागे केळीचे घड, पुढे कुणाचं तरी ढोपर. मी त्याला त्यातून उचलते. मागचं सगळं काढून आकाशी पडदा लावते, केस काळे करते, गालावरचे डाग पुसते आणि कोट घालते.

कोट माझ्याकडे तीन आहेत. काळा, राखाडी आणि एक तपकिरी, तो कुणी मागत नाही. जव्हार-मोखाड्यातली निम्मी गेलेली माणसं माझ्या त्याच काळ्या कोटात भिंतीवर बसली आहेत. जिवंतपणी त्यातल्या एकाच्याही अंगाला कोट लागला नसेल. पण लोकांना तसंच हवं असतं, आणि मीही कधी दुसरा विचार केला नव्हता. काम स्वच्छ झालं पाहिजे एवढंच मला ठाऊक.

तर आमचा कुत्रा. त्याचं नाव सांगत नाही, तसंही आई सोडून कुणाच्या हाकेला तो कान हलवायचा नाही. आमचं मूळ घर मोखाड्याच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यावर. बा गेल्यावर आई तिथे एकटीच राहायची, ती आणि कुत्रा. गावठी कुत्रा, पण केसाळ. मानेला, छातीला आणि शेपटीला हे एवढे लांब केस. शिरपामाळला फिरायला येणाऱ्यांच्या कुठल्या तरी कुत्र्याची ही करामत, असं आमचे काका म्हणायचे. रंग सुकलेल्या पेंढ्याचा. आणि सवय एकच वाईट, चूल विझली की राखेत जाऊन निजायचा. त्यामुळे त्याची डावी कूस आणि छाती कायम करडी. कितीही झटका, दुसऱ्या दिवशी परत तसाच.

मग आईचे गुडघे गेले. माझा थोरला भाऊ मोखाड्याला सरकारी नोकरीत आहे. त्याने तिथे घर बांधलंय, फरशी, रंगवलेल्या भिंती, बाहेर लोखंडी फाटक. तो आईला घेऊन गेला. चांगलंच केलं त्याने, मी नाही म्हणत नाही. पण कुत्र्याला नाही म्हणाला. फरशी घाण होईल, केस गळतील, शेजारी ओरडतील. आईने एकदाच विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. कुत्रा काकांकडे राहिला. काका सांगायचे, भाकर खातो पण संध्याकाळी उठून तुमच्याच बंद दाराशी जाऊन बसतो. वर्षभर बसला. मग एके दिवशी काकांचा फोन आला.

आई रडली नाही. दोन दिवस जेवली नाही एवढंच. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा ती भावाच्या बाहेरच्या खोलीत बसली होती. समोरच्या भिंतीवर पाड्यावरून आणलेला बाचा फोटो, माझ्याच हातचा, काळा कोट, आकाशी पडदा, प्लास्टिकचा हार. ती म्हणाली, "त्याचा फोटो पण लावायचा इथे."

आई आमच्या घरच्या बोलीत बोलते. सगळ्यांना कळावं म्हणून मी तिचं बोलणं इथे साध्या मराठीत लिहितेय, तिचा ठसका त्यात पुरता उतरत नाही, त्याला माझा इलाज नाही.

भाऊ नुकताच कामावरून आला होता. म्हणाला, "कुणाचा?"

"कुत्र्याचा."

"बाच्या शेजारी?"

"मग कुठे? बाच्या शेजारीच बसायचा ना तो."

भाऊ हसला. वाईट हसला नाही, पण हसला. ऑफिसातली माणसं येतात, म्हणाला, साहेब येतात कधी कधी. देव्हारा तिथे, बा तिथे आणि मध्ये कुत्रा. लोक काय म्हणतील. स्वयंपाकघरात वहिनीची भांडी जरा जोरात वाजली.

आई म्हणाली, "जिता होता तेव्हा घरात घेतला नाहीस. मी गप्प बसले. त्याला तिथे सोडून मी इथे फरशीवर येऊन बसले. आता मेल्यावर तरी आत येऊ दे त्याला."

तोवर मला वाटत होतं, म्हातारीला करमत नाही म्हणून चाललंय सगळं. ती स्वतःला गुन्हेगार समजत होती हे मला तेव्हा कळलं.

भावालाही लागलं असावं. तो खाली बघायला लागला. मग मोबाईल काढला. कुत्र्याचा फोटो आमच्याकडे एकच होता. दोन वर्षांपूर्वी भाताच्या झोडणीच्या दिवसांत मीच खळ्यावर काढलेला, तोही सहज, आई सुपाने धान्य पाखडत होती आणि हा पुढ्यात बसला होता म्हणून. त्याच्या मागे भाताच्या पेंढ्याची रचलेली उडवी, एका अंगाला निळी ताडपत्री, दोरीवर लुगडी, मोडकी प्लास्टिकची खुर्ची, सायकलचं चाक, कोंबड्यांचा डालगा. जगातला सगळा पसारा त्या फोटोत. भावाने तो कुठल्याशा ॲपमध्ये टाकला, बोट दाबलं, मागचं आपोआप जातं म्हणे. गेलं. कुत्र्याची शेपटीही गेली, अर्धा कान गेला आणि पाठीला पेंढ्याचा एक गठ्ठा तसाच चिकटून राहिला. त्या ॲपचा तरी काय दोष. पेंढा आणि कुत्रा एका रंगाचे, त्याला काय कळणार कुठे पेंढा संपला आणि कुठे कुत्रा सुरू झाला.

भावाने तो फोटो आईला दाखवला. "बघ. होत नाही ते." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाचा जसा केलायस तसा स्वच्छ करून आण. पेंढा नाही, ताडपत्री नाही, काही नाही. मग लावू आपण."

होणार नाही याची त्याला खात्री होती. त्याच्या तोंडावर दिसत होतं ते. आणि एकदा कुणी माझ्या कामाला होणार नाही म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी म्हणाले, "शब्द फिरवू नकोस फक्त." आणि जीप पकडून जव्हारला आले.

पहिला फोटो मी एका दुपारात केला. माणसाचा करते तसाच. कडेकडेने ठिपके टाकत गेले, सगळ्या अंगाभोवती गुळगुळीत रेघ ओढली, कड जरा मऊ केली, मागचं उडवलं. आकाशी पडदा लावला. मग सवयीने हात चालतच राहिला. छातीवरचा करडा रंग पुसला, मला तो डाग दिसला. डोळ्यांच्या कडेची घाण काढली. एक कान दुमडलेला होता, दुसऱ्याची नक्कल करून तिथे बसवला. कोट तेवढा घातला नाही. फोटो छापला, चांगल्यापैकी फ्रेम केली आणि रविवारी मोखाड्याला घेऊन गेले. भाऊ फाटकाशी भेटला, बघून म्हणाला, "अरे, केलास की." त्याचा आवाज पडला होता. मला गुदगुल्या झाल्या.

आईने फ्रेम मांडीवर घेतली. बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "हा कुणाचा?"

मला वाटलं चष्मा नाही. चष्मा दिला. ती म्हणाली, "दिसतंय मला. कुणाचा कुत्रा आणलास?"

"आपलाच आहे, आई."

"आपला नाही हा. आपल्या कुत्र्याला राख होती. केस होते. हा साबणाच्या वडीसारखा आहे." तिने काचेवर बोट फिरवलं, कुत्र्याच्या कडेकडेने. "हे सगळं कातरलंस तू."

मी चिडले. खोटं कशाला बोलू. एक अख्खी दुपार घालवली होती मी, गिऱ्हाईकं परत पाठवली होती. म्हणाले, "आई, फोटो असाच करतात. स्वच्छ. बाचा नाही का केला? तेव्हा तर काही बोलली नाहीस."

तिने भिंतीकडे बघितलं. "तुझ्या बापालाही तू असंच केलंस," ती म्हणाली. "मी बोलले नाही. घरातल्या माणसाचा पहिल्यांदा केलास, कौतुकाने आणलास, कोट घालून. मला वाटलं, पोरगी खुश आहे, राहू दे. पाच वर्षं झाली, मी रोज सकाळी त्या साहेबाला बघते. तो काही तुझा बाप नाही."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. वहिनीने चहा आणला, तो तसाच राहिला. मी शेकडो घरांत असे साहेब टांगले होते, आणि माझी स्वतःची आई पाच वर्षं एका परक्या माणसासमोर बसून चहा पीत होती. राग आला मला. आईचा नाही, माझाच, आणि त्या काळ्या कोटाचा. पण राग आल्यावर मी रडत बसणारी नाही. फ्रेम उचलली आणि म्हणाले, "बुधवारी तू दुकानात ये. माझ्या शेजारी बस. काय राख, कुठे केस, सगळं सांग."

"गुडघे," भाऊ म्हणाला.

"जीप दारात थांबते," आई म्हणाली, "उतरायला मला दोन हात आहेत."

बुधवारी सकाळी ती खरंच आली. लुगडं घडीचं, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी नाचणीच्या भाकरी. मी तिला माझ्या खुर्चीशेजारी बसवलं आणि खळ्यावरचा मूळ फोटो पडद्यावर चौपट मोठा केला. तिने हात पुढे करून पडद्यावर कुत्र्याच्या नाकाला बोट लावलं. मग हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "हं. चालव."

आता हे काम कसं असतं ते सांगते. लोकांना वाटतं बटण असतं. माणूस कापणं सोपं, कारण माणसाला कड असते. शर्टाला कड असते, गालाला असते, केस तेवढे जरा त्रास देतात. केसाळ जनावराला कडच नसते. दाट केस हळूहळू विरळ होत जातात आणि शेवटी एकेक केस सुटा उभा असतो, आणि त्या दोन केसांच्या मधून मागचं दिसत असतं. तिथे रेघ ओढली की झाली साबणाची वडी. म्हणून या वेळी मी अंगाच्या आतून, कडेपासून जरा लांब, जिथे नक्की कुत्राच आहे तिथूनच सलग भाग निवडला. कडेची पट्टी वेगळी ठेवली. आणि काही खोडलं नाही, नुसतं झाकलं, म्हणजे चुकलं की परत उघडता येतं. पहिल्या वेळी मी खोडत सुटले होते.

ताडपत्रीची बाजू लवकर सुटली. रंगीत फोटो म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन फोटो एकमेकांवर ठेवलेले असतात. ते सुटे करून बघता येतात. निळ्यामध्ये ताडपत्री पांढरी फटक दिसते आणि पिवळा कुत्रा काळपट. मग त्याचीच एक प्रत काढायची, पांढरं आणखी पांढरं करायचं, काळं आणखी काळं, की एकेक केस आपसूक उठून दिसतो. ते झाकण म्हणून वापरायचं, म्हणजे काळं तेवढं राहतं आणि पांढरं झाकलं जातं. आईला मी तो काळा-पांढरा फोटो दाखवला तेव्हा ती म्हणाली, "असा रात्री दिसायचा. अंगणात."

केसांच्या टोकांवर ताडपत्रीची निळी झाक राहिली होती. निळ्या कपड्याजवळ बसलं की अंगावर निळं पडतंच. ती टोकं मी त्याच्याच अंगावरचा पिवळा रंग घेऊन रंगवली, केसाचा उजेड-अंधार तसाच ठेवून फक्त रंग बदलला. इथवर मी खुशीत होते.

मग पेंढ्याची बाजू आली आणि मी हात टेकले. तीन रंग सुटे करा नाहीतर तेरा करा, पेंढा आणि कुत्रा सगळीकडे सारखेच. दोन्ही पिवळे, दोन्ही बारीक, दोन्ही विस्कटलेले. चौपट मोठं करून मी एका काडीकडे बघत बसले. केस म्हणावा तर केस, काडी म्हणावी तर काडी. माझ्या तोंडून एक शिवी गेली, आईसमोर.

आई पुढे वाकली. "हा पेंढा," ती म्हणाली.

"कशावरून?"

"गाठ आहे ना त्याला. पेर. दिसत नाही? केसाला गाठ कुठे असते."

मी बघितलं. होती. इवलीशी, दोन-तीन ठिपक्यांची, काडीच्या मधोमध एक जाडसर गाठ. मी वीस वर्षं पडद्यात डोळे घालून बसलेय आणि मला ती दिसली नव्हती. तिने जन्मभर भात झोडलंय, तिला दिसली.

मग ती सांगत गेली आणि मी करत गेले. हा पेंढा. हा पेंढा. हा त्याचा. गाठ नसेल तिथे तिची दुसरी खूण होती. पेंढा सरळ जातो आणि शेवटपर्यंत तेवढाच जाड राहतो, केस बुडाशी जाड आणि टोकाला बारीक होत वळतो. आणि पेंढा कुठल्याही दिशेला पडतो, केस मात्र मानेकडून खाली, सगळे एकाच अंगाला. "मानेवरचे इकडे वळतात," ती म्हणाली, "मी बोटं फिरवायचे तेव्हा असेच जायचे. छातीवर एक भोवरा आहे, तिथे उलटे." भोवरा मला दिसला नव्हता. राखेखाली होता.

काही ठिकाणी केस आणि काड्या इतक्या गुंतल्या होत्या की सोडवणं शक्य नव्हतं. तिथे मी झाकण थोडं आत घेतलं आणि बाहेरचे केस हाताने काढले. बारीक ब्रशने, शेजारच्याच केसाचा रंग घेऊन, बुडाशी दाबून आणि टोकाला हात उचलून. एक केस, दुसरा केस. चार सारखे काढले की लगेच खोटे दिसतात, म्हणून एक लांब, एक आखूड, एक दुसऱ्यावरून गेलेला. आई शेजारून बघायची आणि चुकलं की नुसतं "च्" करायची. मिशा माझ्या पहिल्या फोटोत पार उडाल्या होत्या. त्या या वेळी एकेक करून राखल्या. डाव्या बाजूला एक मिशी तुटकी होती, चुलीने जळलेली, ती तशीच तुटकी.

गिऱ्हाईकं येत होती. एक शिक्षक बॅनरसाठी आले, त्यांनी पडद्याकडे बघून विचारलं, हे काय, कुत्र्याची श्रद्धांजली की काय. आई म्हणाली, "हो." ते गुमान बाकावर बसले.

दुमडलेला कान मी या वेळी दुमडलेलाच ठेवला. राखेला हात लावला नाही. मग मानेत अडकलेली एक काडी राहिली होती, भलीमोठी, केसांच्या आतून आरपार गेलेली. मला वाटलं आता आई म्हणेल राहू दे, आहे तसं ठेव. म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काढ गं. टोचत असेल त्याला." मी काढली. त्या जागी शेजारचे केस आणून बसवले आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले म्हणून ते काम मला दोनदा करावं लागलं.

पडदा आकाशी लावला तर सगळी मेहनत वाया जायला लागली. पिवळ्या टोकांभोवती फटफटीत कड दिसायची, जळल्यासारखी. पांढऱ्यावरही तेच. फोटोतला मूळ उजेड उन्हाचा, ऊबदार, तेव्हा मागे ठेवायचा रंगही तसाच हवा, ना फार काळा ना फार उजळ. मी दहा-बारा रंग लावून बघितले. आईने एकावर बोट ठेवलं. सारवलेल्या भिंतीचा रंग, वाळल्यावर होतो तो. त्यावर टोकं हवेत विरल्यासारखी दिसली, कड कुठे उरलीच नाही. मागे एक काडी नाही, एक चाक नाही. स्वच्छ. आणि पुढे आमचा कुत्रा, राखेचा, तुटक्या मिशीचा, जीभ जराशी बाहेर.

आईने पदराने तोंड पुसलं. "आला," ती म्हणाली. तेवढंच.

फ्रेम करून मीच तिच्याबरोबर मोखाड्याला गेले. मला भावाचं तोंड बघायचं होतं, हे कबूल करते. तो घरातच होता. मी फ्रेम सोफ्यावर उभी केली. तो उकिडवा बसला आणि बघतच राहिला. आमच्या लहानपणी हा कुत्रा नव्हता, पण नोकरी लागल्यावर भाऊ सुट्टीत पाड्यावर यायचा तेव्हा त्याच्याही मांडीवर डोकं ठेवून हा निजायचा. भाऊ म्हणाला, "डिट्टो आहे." मग उभा राहिला, विजार झटकली आणि म्हणाला, "आत लावू. आईच्या खोलीत. तिच्या खाटेसमोर."

"बाहेरच्या खोलीत ठरलं होतं," मी म्हणाले.

"ठरलं होतं गं, पण भिंतीला आता खिळा नको. रंग नवीन आहे. ठोकला की पोपडा निघतो."

"पेंढा नको म्हणालास, पेंढा काढला. ताडपत्री नको म्हणालास, ती काढली. आता खिळा. उद्या म्हणशील हवा नको." मी चांगलीच तापले होते. "सरळ सांग ना, लाज वाटते. बाला कोट घातला तेव्हा नाही वाटली, याला राख आहे म्हणून वाटते."

"तू तुझ्या घरी लाव मग," तो म्हणाला. "इथे मला राहायचंय. इथे लोक मला साहेब म्हणतात."

मी आणखी काहीतरी बोलणार होते, आणि ते बरं झालं नसतं. पण आईने हात वर केला. ती भावावर रागावली नव्हती. त्याच्याकडे तिने बघितलं ते जसं तो शाळेतून मार खाऊन यायचा तेव्हा बघायची तसं.

"खिळा नको ना," ती म्हणाली. "बरं. नको."

तिने स्टूल ओढलं. भाऊ पुढे झाला, गुडघे, आई, पडशील. तिने त्याचा हात धरला, पण खाली यायला नाही, वर चढायला. एका हाताने त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि दुसऱ्याने हार काढून मला दिला. मग बाची फ्रेम खिळ्यावरून उचलली. भाऊ म्हणाला, "आई, बा आहे तो."

"नाही," आई म्हणाली. "तुझा साहेब असेल. मी ओळखत नाही."

भाऊ हलला नाही. हलता आलंच नसतं त्याला, तिचं सगळं वजन त्याच्या खांद्यावर होतं. तिने माझ्याकडे हात केला आणि मी कुत्रा तिच्या हातात दिला. तो त्याच खिळ्यावर बसला. जरा तिरका बसला, तो भावाने सरळ केला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आई खाली उतरली. बाची फ्रेम तिने माझ्या छातीशी लावली, दोन्ही हातांनी, जोरात. "याला घेऊन जा," ती म्हणाली. "कोट काढून आण."